सहा टक्के की ६.१४ टक्के? बचत खात्याचा व्याजदर, त्याचे प्रभावी वार्षिक उत्पन्न आणि मधल्या फरकाचा हिशेब

दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात शेजारी राहणाऱ्या काकू एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नुकतेच भरून आणलेले पासबुक आणि बँकेचे एक माहितीपत्रक घेऊन माझ्याकडे आल्या. माहितीपत्रकाच्या वरच्या ओळीत ठळक अक्षरांत ‘बचत खाते व्याजदर : वार्षिक ६ टक्के’ असे छापलेले होते आणि तळाशी बारीक टाइपात ‘प्रभावी वार्षिक उत्पन्न : ६.१४ टक्के’ असे. “तू इतकी वर्षे बँकेत होतास, तर यातला खरा आकडा कोणता तेवढे मला सांग,” काकू म्हणाल्या, “आणि दोन्ही खरे असतील, तर शंभरामागे हे वरचे चौदा पैसे येतात कुठून?”

दोन्ही आकडे खरे आहेत, आणि काकूंच्या पासबुकातही दोन्ही सापडतात. ते कसे शोधायचे आणि आपल्या स्वतःच्या खात्यावर तोच हिशेब कसा करायचा, हे या लेखात क्रमाने मांडले आहे. त्यासाठी एक वही, साधे गणनयंत्र आणि वर्षभराच्या नोंदी असलेले पासबुक एवढे साहित्य पुरते.

दर साल, दर शेकडा, पण केव्हा?

शाळेत आपण द.सा.द.शे. शिकलो, म्हणजे दर साल दर शेकडा. शंभर रुपये मुद्दल एक वर्ष ठेवले तर सहा रुपये व्याज, आणि मुद्दल अधिक व्याज मिळून रास एकशे सहा रुपये. या व्याख्येत एक गोष्ट अध्याहृत राहते, ती म्हणजे व्याज हातात केव्हा पडते. शाळेच्या गणितात ते वर्षअखेरीस एकदाच पडते. बचत खात्यात तसे होत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँकांनी बचत खात्याचे व्याज दर तिमाहीला किंवा त्याहून कमी अंतराने खात्यात जमा करावे लागते, त्यामुळे वर्षभरात ते निदान चार हप्त्यांत येते.

पहिला हप्ता खात्यात आला की तो मुद्दलात मिसळतो आणि उरलेले वर्षभर त्याच्यावरही सहा टक्क्यांनीच व्याज चढते. वरचे चौदा पैसे येतात ते इथूनच. बँकेने जाहीर केलेल्या सहा टक्क्यांना नाममात्र दर म्हणतात. पैसे न काढता वर्षभर तसेच ठेवले तर मूळ रकमेवर प्रत्यक्षात जेवढ्या टक्क्यांची भर पडते, तिला प्रभावी वार्षिक उत्पन्न म्हणतात. बँक कोणत्याही दिवशी, कोणत्याही रुपयावर सहा टक्क्यांपेक्षा जास्त देत नाही. बदलते ती व्याज कमावणाऱ्या रुपयांची संख्या.

आधी कागदावरून तीन गोष्टी टिपून घ्याव्यात

पहिली गोष्ट म्हणजे नाममात्र दर, आणि तो कोणत्या रकमेला लागू आहे हे. दुसरी, व्याजाची मोजणी कशावर होते हे. तिसरी, व्याज खात्यात किती वेळा आणि कोणत्या तारखेला जमा होते हे. पहिल्या दोन गोष्टी बहुधा माहितीपत्रकात असतात. तिसरी पुष्कळदा तिथे नसते, पण पासबुकातल्या व्याजाच्या नोंदीत मिळते. अनेक बँकांच्या पासबुकात ती नोंद अशा स्वरूपात छापली जाते:

```
Int.Pd:01-04-2024 to 30-06-2024
```

यात मोजणीचा पूर्ण कालावधी लिहिलेला असतो. पासबुकात व्याजाच्या दोन लागोपाठच्या नोंदी शोधाव्यात. त्यांच्यात तीन महिन्यांचे अंतर असेल तर व्याज तिमाही जमा होते, एक महिन्याचे असेल तर मासिक. काकूंच्या खात्यात नोंदी चार होत्या, म्हणजे जमा तिमाही.

एक लाख रुपये, चार तिमाह्या

काकूंनी १ एप्रिलला खात्यात एक लाख रुपये ठेवले होते आणि वर्षभर त्यांना हात लावला नव्हता. त्यामुळे त्यांचे पासबुक या हिशेबासाठी अगदी स्वच्छ उदाहरण ठरले. मी त्यांच्यासमोर एकेक तिमाही मांडत गेलो.

एप्रिल ते जून या तिमाहीत ९१ दिवस असतात. एक लाखावर सहा टक्के म्हणजे वर्षाचे सहा हजार, त्याचे ३६५ भाग करून ९१ भाग घेतले की १,४९५ रुपये ८९ पैसे येतात. बँका व्याज जवळच्या पूर्ण रुपयात जमा करतात, म्हणून पासबुकात १,४९६ रुपये दिसले आणि शिल्लक १,०१,४९६ झाली. जुलै ते सप्टेंबर या ९२ दिवसांचे व्याज आता या वाढलेल्या शिलकेवर मोजले गेले आणि १,५३५ रुपये आले. शिल्लक १,०३,०३१ झाली. ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीतही ९२ दिवस, व्याज १,५५८ आणि शिल्लक १,०४,५८९. शेवटची तिमाही ९० दिवसांची, तिचे व्याज १,५४७. ३१ मार्चला शिल्लक होती १,०६,१३६ रुपये.

एक लाखावर ६,१३६ रुपये म्हणजे ६.१३६ टक्के, आणि तेच माहितीपत्रकाने दोन दशांश स्थळांपर्यंत आणून ६.१४ असे छापले होते.

काकूंचे समाधान एवढ्यावर झाले नाही, आणि ते योग्यच होते. आकडा जुळला याचा अर्थ तो समजला असा होत नाही. म्हणून सहा हजारांच्या वरचे १३६ रुपये आम्ही वेगळे काढले आणि त्यातला प्रत्येक रुपया कुणी कमावला ते पाहिले. जूनअखेरीस जमा झालेले १,४९६ रुपये उरलेले २७४ दिवस खात्यात होते, त्यांनी सहा टक्क्यांच्या दराने ६७ रुपये ३८ पैसे मिळवले. सप्टेंबरअखेरीचे १,५३५ रुपये १८२ दिवस राहिले, त्यांची कमाई ४५ रुपये ९२ पैसे. डिसेंबरअखेरीचे १,५५८ रुपये ९० दिवस राहिले आणि त्यांनी २३ रुपये ५ पैसे आणले. मार्चअखेरीच्या हप्त्याला या वर्षात काम करायला एकही दिवस मिळाला नाही. तिन्ही मिळून १३६ रुपये ३५ पैसे होतात. वरचे ३५ पैसे पूर्ण रुपयात बसवताना गेले.

दोन आकड्यांमधला फरक तो एवढाच. तो बँकेने वरून दिलेला बोनस नाही, आणि माहितीपत्रकाची हातचलाखीही नाही. जून, सप्टेंबर आणि डिसेंबर या तीन वेळी खात्यात आलेल्या व्याजाने पुढे कमावलेले ते व्याज आहे.

यातून आणखी एक गोष्ट तपासता येते, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. काकूंच्या खात्यातली वर्षभराची सरासरी दैनिक शिल्लक काढली, म्हणजे प्रत्येक तिमाहीची शिल्लक गुणिले तिचे दिवस, त्यांची बेरीज आणि भागिले ३६५, तर ती सुमारे १,०२,२७३ रुपये येते. आता ६,१३६ ला या सरासरीने भागून पाहावे. उत्तर बरोबर ६.०० टक्के येते. तीच ६,१३६ ची रक्कम मूळ एक लाखाने भागली की ६.१४ आणि सरासरी शिलकेने भागली की ६.००. वरचा आकडा एकच, खालचा बदलला. नाममात्र दर खात्यातल्या सगळ्या रुपयांकडे पाहून सांगितलेला असतो, त्यात व्याजाचे रुपयेही आले. प्रभावी उत्पन्न फक्त आपण घातलेल्या रुपयांकडे पाहून. ज्यांना बँकेने सांगितलेला दर खरोखर दिला का हे तपासायचे आहे, त्यांनी सरासरी शिलकेने भागावे. ज्यांना आपले पैसे वर्षात किती वाढले हे हवे आहे, त्यांनी मूळ रकमेने भागावे.

रोज मोजणे वेगळे आणि रोज जमा करणे वेगळे

या विषयात सर्वांत जास्त गोंधळ या एका ठिकाणी होतो. ‘दैनिक शिलकेवर व्याज’ असे शब्द वाचले की बहुतेक खातेदारांची समजूत होते की आज चढलेल्या व्याजावर उद्यापासून व्याज सुरू होते, म्हणजे चक्रवाढ रोज चालते. प्रत्यक्षात तसे नसते.

दैनिक मोजणीचा अर्थ इतकाच की दिवसअखेरीस खात्यात जी शिल्लक असेल, तिच्यावर त्या दिवसाचे व्याज धरले जाते. ते धरलेले व्याज बँकेच्या हिशेबात वेगळ्या रकान्यात साठत जाते, खात्याच्या शिलकेत येत नाही. तिमाही संपते, साठलेली बेरीज एका नोंदीने खात्यात उतरते, आणि त्या क्षणापासूनच ती मुद्दलाचा भाग होते. तोवर त्या रकमेवर एक पैसाही व्याज मिळत नाही. पावसाचे पाणी पत्र्याच्या पन्हळीतून रोज गोळा होत असले, तरी ते टाकीत सोडले जाते तिमाहीतून एकदाच, असे मी काकूंना सांगितले.

म्हणूनच दर आणि उत्पन्न यांच्यातला फरक मोजणीच्या पद्धतीवर ठरत नाही, तो जमा होण्याच्या वारंवारितेवर ठरतो. सहा टक्के दराने व्याज तिमाही जमा झाले तर उत्पन्न ६.१४ टक्के, मासिक जमा झाले तर ६.१७ आणि खरोखरच रोज जमा झाले असते तर ६.१८. लाखामागे तिमाही आणि रोज यांच्यात वर्षाला जेमतेम ४७ रुपयांचे अंतर पडते. याच्याही पुढे कितीही लहान अंतराने व्याज जमा केले तरी सहा टक्क्यांचे उत्पन्न ६.१८४ च्या वर जात नाही, कारण व्याजावरचे व्याज मुळातच लहान असते आणि त्याला कमावायला वर्षातला उरलेला काळच मिळतो.

दैनिक मोजणीचे महत्त्व मात्र कमी लेखू नये, ते निराळ्या ठिकाणी आहे. १ एप्रिल २०१० पूर्वी बचत खात्याचे व्याज महिन्याच्या १० तारखेपासून अखेरच्या दिवसापर्यंतच्या किमान शिलकेवर मोजले जात असे. रावपुऱ्यातल्या ज्या शाखेत मी तेव्हा काम करत होतो, तिथे ९ आणि १० तारखेला भरणा करणाऱ्यांची रांग दारापर्यंत येई, कारण ११ तारखेला भरलेल्या पैशाला त्या महिन्याचे व्याज मुळीच मिळत नसे. २५ तारखेला दोन दिवसांसाठी काढलेले पैसेही साऱ्या महिन्याचे व्याज घेऊन जात. त्या काळात कागदावरचा दर आणि हातात पडणारे उत्पन्न यांच्यातला फरक खातेदाराच्या विरुद्ध बाजूला पडत असे आणि तो आजच्या फरकाहून कितीतरी मोठा असे.

एका तिमाहीचे व्याज स्वतः तपासणे

काकूंच्या खात्यात हालचाल नव्हती म्हणून हिशेब सोपा होता. त्यांच्या मुलाचे खाते त्याच बँकेत आहे आणि त्यात पैसे येत-जात राहतात, म्हणून खरी पद्धत त्या खात्यावर दाखवता येते. त्याच्या एप्रिल ते जून या तिमाहीत १ एप्रिलची दिवसअखेरीची शिल्लक १,२०,००० होती. २१ एप्रिलला त्याने २०,००० काढले आणि ६ जूनला ५०,००० भरले. दुसरा व्यवहार नव्हता.

पासबुकातल्या शिलकेच्या रकान्यावर बोट ठेवून एकच प्रश्न विचारत जावे, की ही शिल्लक किती दिवसांच्या अखेरीस तशीच होती. १ ते २० एप्रिल, म्हणजे २० दिवस, शिल्लक १,२०,०००. गुणाकार २४ लाख. २१ एप्रिल ते ५ जून, म्हणजे एप्रिलचे १०, मेचे ३१ आणि जूनचे ५ मिळून ४६ दिवस, शिल्लक एक लाख. गुणाकार ४६ लाख. ६ ते ३० जून, २५ दिवस, शिल्लक दीड लाख. गुणाकार साडेसदतीस लाख. २०, ४६ आणि २५ यांची बेरीज ९१ येते, तिमाहीच्या दिवसांशी जुळते. ही बेरीज जुळल्याखेरीज पुढे जाऊच नये, कारण नव्वद टक्के चुका दिवस मोजतानाच होतात, हा मोजणी शिकवतानाचा माझा अनुभव आहे. विशेषतः पैसे काढले तो दिवस कमी झालेल्या शिलकेत धरायचा असतो, कारण दिवसअखेरची शिल्लकच धरली जाते. लोक तो आधीच्या शिलकेत धरतात.

तिन्ही गुणाकारांची बेरीज १,०७,५०,००० होते. बँकेत आम्ही यालाच ‘प्रॉडक्ट’ म्हणत असू. तिला सहाने गुणून ३६,५०० ने भागले की व्याज मिळते. ३६,५०० हा ३६५ दिवस आणि दर शेकड्याचा १०० यांचा गुणाकार आहे.

```
10750000 * 6 / 36500 = 1767.12
```

पासबुकात १,७६७ रुपयांची नोंद होती.

नोंद जुळली नाही तर लगेच तक्रार लिहायला घेऊ नये; आधी फरकाचा आकार पाहावा. दीड लाखावर सहा टक्क्यांनी एका दिवसाचे व्याज २४ रुपये ६६ पैसे होते. फरक २४-२५ रुपयांचा किंवा त्याच्या पटीतला असेल, तर दिवस मोजण्यात तुमची चूक असण्याचा संभव सर्वांत जास्त, किंवा बँकेची तिमाही कॅलेंडरच्या तिमाहीशी जुळत नसावी. काही बँका महिन्याच्या २५ तारखेसारख्या मधल्या तारखेपर्यंतच व्याज मोजतात आणि उरलेले दिवस पुढच्या तिमाहीत घेतात. अशा वेळी नोंदीतल्या तारखा वाचून त्याच कालावधीसाठी हिशेब पुन्हा करावा. फरक रुपयाच्या आतला असेल तर तो पूर्ण रुपयात जमा करण्यामुळे आलेला आहे. आणि एखाद्या चेकची रक्कम खात्यात दिसली पण वसूल व्हायला एक-दोन दिवस लागले असतील, तर व्याजासाठी बँक वसुलीचा दिवस धरते, पासबुकात दिसणारा दिवस नव्हे. या तिन्ही गोष्टी तपासूनही मोठा फरक उरला तर मात्र गुणाकारांचा हा कागद जोडून शाखेत लेखी विचारावे. ‘व्याज कमी आले’ असे मोघम लिहिलेल्या अर्जापेक्षा तीन ओळींचा हा हिशेब अधिकाऱ्याला लवकर उत्तर द्यायला लावतो.

दरावरून उत्पन्न काढण्याचे सूत्र आणि त्याचा उपयोग

दर तिमाहीला खात्यात असलेली रास किती पट होते हे पाहिले की सूत्र आपोआप मिळते. सहा टक्क्यांचे चार भाग केले की तिमाहीचा दर दीड टक्का, म्हणून रास दर तिमाहीला १.०१५ पट होते, आणि वर्षात असे चार वेळा होते. गणनयंत्रावर १.०१५ चार वेळा परस्परांशी गुणावे आणि एक वजा करावा. ज्यांच्याकडे स्प्रेडशीट आहे त्यांना पुढील दोहोंपैकी कोणतीही ओळ चालेल. दुसऱ्या ओळीतला चार हा आकडा वर्षातून व्याज किती वेळा जमा होते ते सांगतो:

```
=(1+0.06/4)^4-1
=EFFECT(0.06,4)
```

दोन्हींचे उत्तर ०.०६१३६ येते. सूत्रात सगळ्या तिमाह्या सारख्या धरल्या आहेत आणि पासबुकात त्या ९० ते ९२ दिवसांच्या असतात, तरी लाखावर रुपयाभराचाही फरक पडत नाही, हे काकूंच्या खात्यात आपण पाहिलेच.

आता दोन बँकांची तुलना करावी. समजा एक बँक सहा टक्के देते आणि व्याज दर महिन्याला जमा करते, तर दुसरी ६.०५ टक्के देते पण व्याज तिमाही जमा करते. मासिक व्याजाची जाहिरात आकर्षक वाटते, पण पहिलीचे उत्पन्न ६.१६८ टक्के येते आणि दुसरीचे ६.१८९. दरातल्या अवघ्या पाच शतांशांनी मासिक जमेचा सारा फायदा पुसून टाकला. म्हणून तुलना नेहमी दोन उत्पन्नांची करावी. एकीचा दर आणि दुसरीचे उत्पन्न शेजारी ठेवले की निर्णय चुकतो, आणि माहितीपत्रके वाचताना नेमके तेच घडते.

दर लहान असेल तर हा फरक किती लहान होतो हेही ध्यानात घ्यावे. फरक साधारणपणे दराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दर निम्मा झाला की फरक चौथाईवर येतो. सहा टक्क्यांवर तिमाही जमेने तो लाखामागे १३६ रुपये होतो, तीन टक्क्यांवर ३४ रुपये आणि अडीच टक्क्यांवर साडेतेवीस रुपये. फेब्रुवारी ते जून २०२५ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने अल्प मुदतीचे कर्ज देते तो दर, ६.५० वरून ५.५० टक्क्यांवर आणला आणि त्यानंतर अनेक मोठ्या बँकांचा बचत खात्याचा दर अडीच टक्क्यांवर आला. अशा खात्यात उत्पन्न २.५२ टक्के पडते. समजा बँक संदेशसेवेसाठी दर तिमाहीला १५ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी आकारते, तर वर्षाला ७० रुपये ८० पैसे जातात, म्हणजे लाखावरच्या व्याजावरील व्याजाच्या तिप्पट. पासबुकातल्या वजावटीच्या नोंदी म्हणूनच उत्पन्नाच्या हिशेबात धराव्यात; छापील उत्पन्नात त्या कधीच धरलेल्या नसतात.

जिथे छापील उत्पन्न हाती लागत नाही

पहिला प्रसंग अगदी साधा आहे. दर तिमाहीचे व्याज जमा झाले की ते काढून घेणारे पुष्कळ ज्येष्ठ नागरिक आहेत. त्यांचे मुद्दल एक लाखच राहते आणि वर्षात सहा हजारच मिळतात. त्यांचे नुकसान झाले असे म्हणता येत नाही, कारण पैसे त्यांच्या हातात लवकर आले आणि खर्चाला उपयोगी पडले. परंतु त्यांच्यासाठी ६.१४ हा आकडा नाही, त्यांचा आकडा सहाच आहे.

दुसरा प्रसंग टप्प्यांच्या दराचा. २५ ऑक्टोबर २०११ पासून बँकांना बचत खात्याचा दर स्वतः ठरवण्याची मुभा मिळाली. अट अशी की एक लाखापर्यंतच्या शिलकेला एकच दर द्यावा, त्यावरच्या शिलकेला वेगळा दर देता येतो. समजा एखादी बँक एक लाखापर्यंत तीन टक्के आणि त्यावरच्या भागाला सहा टक्के देते. दीड लाखाच्या शिलकेवर पहिल्या लाखाचे तीन हजार आणि वरच्या पन्नास हजारांचे तीन हजार मिळून सहा हजार होतात, म्हणजे एकंदर दर चार टक्केच पडतो आणि उत्पन्न जेमतेम ४.०९ टक्क्यांच्या आसपास, कारण जमा होणारे व्याज वरच्या भागात पडते. जाहिरातीत मात्र ‘सहा टक्क्यांपर्यंत’ असे लिहिलेले असते. वरचा दर साऱ्या शिलकेला लागतो की फक्त वरच्या भागाला, हे शाखेत स्पष्ट विचारून घ्यावे. माझ्या मते व्याज महिन्याने जमा होते की तिमाहीने, यापेक्षा हा प्रश्न दसपट महत्त्वाचा आहे.

तिसरा प्रसंग टपाल कार्यालयाच्या बचत खात्याचा, कारण काकूंचे जुने खाते तिथेही आहे. तिथे दर वार्षिक चार टक्के आहे, व्याज वर्षअखेरीस एकदाच जमा होते, म्हणून दर आणि उत्पन्न यांच्यात वरच्या बाजूला फरक पडायला जागाच नाही. शिवाय तिथे आजही महिन्याच्या १० तारखेनंतर अखेरपर्यंतची किमान शिल्लक धरली जाते. काकूंनी ४०,००० रुपयांतून एका महिन्याच्या २५ तारखेला ३०,००० काढले आणि पुढच्या महिन्याच्या ३ तारखेला परत भरले. नऊ दिवस पैसे बाहेर होते, पण त्या साऱ्या महिन्याचे व्याज १०,००० वरच मिळाले, म्हणजे सुमारे १३३ रुपयांऐवजी ३३ रुपये. अशा खात्यातून पैसे काढायचेच असतील, तर ते १ तारखेनंतर काढून १० तारखेच्या आत परत भरता येतील असे पाहावे.

मुदत ठेवीच्या जाहिरातीत ‘वार्षिक उत्पन्न’ हा शब्द आणखी एका अर्थाने येतो, त्याचा बचत खात्याच्या उत्पन्नाशी मेळ घालू नये. सात टक्के दराने, तिमाही चक्रवाढीने, पाच वर्षांत एक लाखाचे १,४१,४७८ होतात. ही ४१.४८ टक्क्यांची वाढ पाचाने भागून ‘८.३० टक्के वार्षिक उत्पन्न’ असे लिहिले जाते. खरे प्रभावी वार्षिक उत्पन्न ७.१९ टक्केच असते.

सर्वांत शेवटी, आणि बचत खात्यापुरती सर्वांत खरी, अशी मर्यादा म्हणजे दर वर्षभर स्थिर राहत नाही. मुदत ठेवीचा दर मुदतीसाठी बांधलेला असतो. बचत खात्याचा दर बँक केव्हाही बदलू शकते, आणि ६.१४ हा आकडा दर वर्षभर सहाच राहील असे गृहीत धरून काढलेला असतो. काकूंनी हे ऐकून विचारले, “म्हणजे समजा ऑक्टोबरपासून त्यांनी पाच टक्के केले, तर?” आम्ही तोही हिशेब वहीत केला. पहिल्या दोन तिमाह्या जशाच्या तशा, सप्टेंबरअखेरीस शिल्लक १,०३,०३१. पुढच्या तिमाहीचे पाच टक्क्यांनी १,२९८, शेवटच्या तिमाहीचे १,२८६, आणि ३१ मार्चची शिल्लक १,०५,६१५. उत्पन्न ५.६२ टक्के. काकूंनी माहितीपत्रकावर ६.१४ च्या शेजारी पेन्सिलीने ‘दर बदलला नाही तर’ असे लिहिले आणि ते पासबुकात घालून ठेवले.